संघमित्रा 'नक्की' म्हणत नाही

आमच्या डिपार्टमेंटमध्ये संघमित्रा ओव्हाळला कुणी "येशील ना नक्की?" असं विचारत नाही. विचारून उपयोगच नसतो. माझ्या भावाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, तेव्हा ती म्हणाली, "यायचं तर आहे. पण त्या दिवशी ड्यूटी कुणाची, ते अजून ठरलेलं नाही." मग लग्नाला सगळ्यांच्या आधी हजर झाली आणि पंगतीत पदर खोचून वाढायलाही लागली. पण 'नक्की' हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. माझी आई अजून म्हणते, "तुझी मैत्रीण गुणाची हा, पण शब्द देताना जीव जाता गो तिचो."

मी नीलम परब. घाटकोपरच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलच्या तळघरात आम्ही दोघी पॅथॉलॉजिस्ट बसतो. वर ऑपरेशन होतं, गाठ निघते, सुईने तुकडा काढला जातो, आणि ते सगळं बाटल्यांतून खाली आमच्याकडे येतं. त्याच्या पातळ चकत्या कापायच्या, रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली बघायच्या आणि शेवटी एक निष्कर्ष लिहायचा. लोकांना वाटतं, आमचं काम बघण्याचं आहे. बघणं सोपं असतं हो, लिहिताना घाम फुटतो. कारण वरचे डॉक्टर अख्खा रिपोर्ट वाचत नाहीत. त्यांच्या मोबाइलवर फक्त शेवटचा चौकोन उघडतो, आणि त्यात जे असेल त्यावर माणसाची औषधं ठरतात.

मला पटकन लिहायला आवडतं. ट्रेमध्ये स्लाइड साचल्या की माझं डोकं उठतं. संघमित्राचं उलट. एखाद्या केसवर अडली की ती खुर्चीत बसतच नाही. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारते, चहा मागवते आणि गार करून ठेवते, परत येऊन मायक्रोस्कोपला डोळा लावते, परत उठते. तिच्याकडे बघून आपल्यालाच धाप लागते.

तेजलच्या केसला तिने असंच केलं.

तेजल घाडी, एकोणीस वर्षांची मुलगी, मानखुर्दची. कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये चढाई करायची. मानेवर गाठ आली, संध्याकाळी ताप यायला लागला, वजन उतरलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर सर्वेश दुब्यांनी तिला ॲडमिट केलं आणि सोनोग्राफीत बघून सुईने गाठीचा तुकडा काढून घेतला. शेवयांसारखे तीन बारीक धागे होते, आणि ते सगळेच्या सगळे फॉर्मालिनमध्ये बुडवून खाली आले होते. फॉर्मालिनमध्ये तुकडा टिकतो, पण त्यातले जंतू मरतात. मग त्यांची वाढ करून बघता येत नाही, आणि टीबीच्या झटपट मशीन-टेस्टवरही भरवसा राहत नाही. आमच्याकडे ही चूक इतकी मुरलेली आहे की तिला चूक म्हणायचंही आम्ही सोडून दिलं होतं.

स्लाइड मीही पाहिली. पेशींचे गोल पुंजके होते. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. मुंबईत मानेच्या गाठीत ग्रॅन्युलोमा दिसला की दहातल्या नऊ जणी पुढचं न बघताच लिहितील, 'टीबीशी सुसंगत, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे.' मी त्या नवातलीच. हे वाक्य आमच्या बोटांत बसलेलं आहे. ते वाचलं की वरचे लोक एकेटी सुरू करतात, म्हणजे टीबीच्या नेहमीच्या चार गोळ्या, आणि सगळे आपापल्या घरी जातात.

"लिही आणि सोड," मी म्हटलं. "ट्रे भरलाय, मित्रा."

"हे बघ ना एकदा." तिने स्लाइड सरकवली.

एका धाग्याच्या टोकाला मोठ्या पेशी होत्या. मोजून चारपाच, ठळक केंद्रकाच्या, आजूबाजूच्यांत न मिसळणाऱ्या. लिम्फोमात, म्हणजे गाठींच्या कॅन्सरमध्ये, अशा पेशी असतात, आणि त्यांच्याभोवती ग्रॅन्युलोमाही उठू शकतात. पण नुसत्या चिडलेल्या, सुजलेल्या गाठीतही अशा पेशी दिसतात. नक्की काय ते ठरवायला खास रंगांच्या तपासण्या लागतात. संघमित्राने आणखी खोलवरच्या चकत्या कापून घेतल्या, तर त्यात तो कोपराच संपलेला होता. टीबीच्या जंतूंसाठी केलेल्या रंगातही एक जंतू दिसेना. त्याचाही अर्थ काही निघत नाही, कारण गाठीतल्या टीबीत ते पुष्कळदा दिसतच नाहीत.

"वाट लागली," मी म्हटलं. "आता?"

ती कॉरिडॉरमध्ये गेली.

तेवढ्यात सर्वेशचा फोन आला. सर्वेश म्हणजे वादळ. पेशंटवर जीव टाकणारा माणूस, पण थांबणं हा प्रकार त्याच्या कुंडलीत नाही. "नीलम, यार, त्या पोरीचा रिपोर्ट दे ना. टीबीच आहे ते, अंधेसुद्धा सांगतील. ताप हटत नाहीये, तिची आई दिवसभर माझ्या दारात बसलेली असते. तुम्ही खाली करता काय?"

"लोणची घालतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. राग त्याचा आलेला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

संघमित्राने पहिला मसुदा लिहिला. मी वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्यात ग्रॅन्युलोमा होते, त्यांची पाचसहा कारणं होती, टीबी होता, बुरशी होती, औषधांची रिॲक्शन होती, लिम्फोमा होता, 'तथापि' होतं, 'नाकारता येत नाही' दोनदा होतं, आणि शेवटी 'ताडून पाहावे'. रिपोर्ट आम्ही इंग्रजीत लिहितो, पण इंग्रजीतही तो तितकाच गुंत्याचा होता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून लिहिलेल्या कागदात खोटं कधीच नसतं.

"हा रिपोर्ट आहे की गुंतलेल्या सुतळीचं गाठोडं?" मी म्हटलं. "सोडवायचं कुणी?"

तिला लागलं. पण तिने वाद घातला नाही. मसुद्याचा प्रिंट घेतला आणि जिना चढून थेट वॉर्डात गेली. मीही मागून गेले, कारण मला तिची काळजी वाटली, आणि थोडी मजाही बघायची होती.

वॉर्डात विशाल होता, सर्वेशच्या हाताखालचा रेसिडेंट. संघमित्राने त्याला कागद दिला. "वाच आणि सांग, उद्या सकाळी तू काय करशील?"

त्याने वरच्या दोन ओळींवर नजर टाकली. "ग्रॅन्युलोमा आहे ना मॅडम? एकेटी चालू करू."

नर्सिंग स्टेशनवर सर्जन डॉक्टर जान्हवी फाइल लिहीत उभी होती. तिलाही तोच कागद, तोच प्रश्न. तिला कागद खालून वर वाचायची सवय. "लिम्फोमा नाकारता येत नाही? अगं मग इथे कशाला ठेवलंय तिला, कॅन्सरच्या हॉस्पिटलला पाठवा ना आजच."

एक कागद, एक मुलगी, आणि दोघांच्या दोन तऱ्हा. एकाने तिला टीबीच्या गोळ्या लावल्या, दुसरीने तिला कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत उभं केलं. दोघंही हुशार, कामसू, आणि कुणीही चुकीचं वाचलं नव्हतं. मला तिथे उभ्या उभ्या घाबरल्यासारखं झालं. मी अशी किती वाक्यं लिहून वर पाठवली असतील, याचा हिशोब मनात यायला लागला तो मी ढकलून दिला.

खाली येताना संघमित्रा जिन्याच्या वळणावर थांबली आणि एकदम तिच्या वडिलांबद्दल बोलायला लागली. भाऊराव ओव्हाळ लिफ्टचे मेकॅनिक होते. बुलढाण्याकडून आले, भांडुपला राहिले, मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतच्या बिल्डिंगींच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरले. लिफ्ट बिघडली की इतर मेकॅनिक दारावर पाटी लावायचे, 'लिफ्ट नादुरुस्त, गैरसोयीबद्दल क्षमस्व.' भाऊराव खडूने लिहायचे, 'लिफ्ट बंद. दार मधेच उघडते. कारण अजून सापडले नाही. कुणी आत जाऊ नये. संध्याकाळी मोटर खोलून बघणार.' सोसायटीचे सेक्रेटरी चिडायचे, म्हणायचे, 'कारण सापडले नाही' हे कशाला लिहिता, आमची इज्जत जाते. भाऊराव म्हणायचे, साहेब, नाहीतर माणूस आत जातो.

"लहान असताना मला लाज वाटायची," संघमित्रा म्हणाली. "पप्पांना येत नाही, हे ते भिंतीवर लिहून ठेवतात, असं वाटायचं."

"आणि आता?"

"आता मला ती पाटी लिहिता येत नाहीये," ती म्हणाली, आणि भरभर खाली उतरली.

दुपारी लॅबच्या खिडकीशी तेजलची आई आली. विमलबाई. केटरिंगवाल्याकडे पोळ्या लाटायचं काम करणारी, हातावर तव्याचे जुने डाग. ती ओरडली नाही, रडली नाही. खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "बाई, वर विचारलं तर सांगतात रिपोर्ट खाली अडकलाय. खाली विचारलं तर सांगतात वर विचारा. माझी पोरगी मधल्या कुठल्या मजल्यावर आहे?"

आम्ही पेशंटच्या लोकांना निदान सांगत नाही, तो सर्वेशचा अधिकार. हे तिला नीट समजावून सांगायला मी उठलेच होते. तेवढ्यात संघमित्रा बाहेर गेली. "संध्याकाळच्या आत डॉक्टर तुम्हाला सांगतील," ती म्हणाली. "मी लिहितेय. बसा इथे बाकावर."

मग ती आत आली, खुर्चीत बसली आणि न उठता लिहिलं. मसुद्यातल्या बुरशीला आणि औषधांच्या रिॲक्शनला तिने खाली वर्णनात हलवलं, कारण त्यांची शक्यता फार दूरची होती आणि त्यांनी उद्या सकाळी काहीच बदलणार नव्हतं. 'ताडून पाहावे' हे तर तिने खोडूनच टाकलं. "कुणी, कशाशी, काय ताडायचं?" असं स्वतःशीच पुटपुटली. शेवटच्या चौकोनात उरलं ते असं:

'या तुकड्यावरून पक्के निदान करता येत नाही. ग्रॅन्युलोमा आहेत, टीबीची शक्यता अधिक वाटते, मात्र टीबी सिद्ध झालेला नाही. चारपाच मोठ्या संशयास्पद पेशी आहेत. त्या लिम्फोमाच्या आहेत किंवा नाहीत हे ठरवण्याइतका तुकडा उरलेला नाही. पूर्ण गाठ काढून पाठवावी: अर्धी ताजी, सलाइनमध्ये, टीबीच्या तपासण्यांसाठी, अर्धी फॉर्मालिनमध्ये.' खाली एक ओळ: 'डॉ. सर्वेश दुबे यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे झाले आहे.'

"अजून झालेलं नाही बोलणं," मी म्हटलं.

"म्हणून तर सही केलेली नाही," ती म्हणाली आणि फोन उचलला.

सर्वेश पाच मिनिटांत खाली आला, लिफ्टची वाटही न बघता. कागद वाचला आणि भडकला. "मित्रा, 'पक्के निदान करता येत नाही' हे पहिलं वाक्य? पेशंटचे लोक विचारतील, मग बायोप्सी कशाला केली? मला सांग ना, टीबी आहे की नाही!"

"मला माहीत नाही."

"फायनल रिपोर्ट कधी देशील?"

"या तुकड्यावर हाच फायनल आहे."

"मी एकेटी चालू करून बघतो ना. बरी झाली तर टीबी, नाही झाली तर दुसरं बघू."

"आणि ती दोन महिन्यांनी परत आली तर?" संघमित्राचा आवाज चढला. मी तो चढलेला क्वचित ऐकलाय. "तू तिचा डॉक्टर आहेस, सर्वेश. औषध द्यायचं की नाही हे तू ठरव, माझी ना नाही. पण माझ्या कागदाच्या आधारावर दिलं असं म्हणू नकोस. माझ्या कागदात ते नाहीये. त्यात काय आहे आणि काय नाही, एवढंच मी लिहिलंय. आणि गाठ निघेपर्यंत स्टेरॉइड तरी अजिबात देऊ नकोस. लिम्फोमा असला तर तो त्याने झाकला जाईल, मग मला गाठ मिळूनही काही दिसणार नाही."

सर्वेशने कागद उजेडाकडे धरला. मग त्याने परत वाचलं, या वेळी हळू. "अर्धी सलाइनमध्ये," तो म्हणाला. "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

बाहेर बाकावर विमलबाई होत्या. तो कागद घेऊन सर्वेश त्यांच्याजवळ बसला आणि मराठीत सांगायला लागला. त्याची मराठी बम्बैया, पण त्या दिवशी ती अगदी सरळ होती. टीबी असेल असं वाटतंय, पण सिद्ध नाही झालेला. एक दुसरा आजार, गाठींचा कॅन्सर, तोही असू शकतो, चान्स कमी आहे. तुकडा छोटा होता. अख्खी गाठ काढली की कळेल.

विमलबाई कॅन्सर शब्दाला दचकल्या. पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "म्हणजे अजून कळलेलं नाही. गाठ काढल्यावर कळेल."

"बरोबर."

"मग काढा ना. बसलाय कशाला?"

पण ते तितकं पटकन होईना. मधे जोडून सुट्ट्या आल्या, ऑपरेशनची यादी भरलेली होती, आणि तेजलचा ताप चढत राहिला. ते दिवस वाईट गेले. विशाल रोज फोन करायचा, मॅडम, आज एकशेतीन आहे. संघमित्रा फोन ठेवायची आणि उभी राहायची. जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मला माहीत होतं तिला काय खातंय. टीबीच असला, साधासुधा टीबी, तर या पोरीचं औषध तिच्या चार ओळींमुळे लांबलेलं होतं. चारपाच पेशी तिला दिसल्या म्हणून. मला त्या तशा दिसल्या नसत्या, किंवा मी त्या दिसू दिल्या नसत्या.

"मी उगाच साप म्हणून भुई धोपटली का गं?" तिने एकदा विचारलं.

मला हो म्हणावंसं वाटत होतं, आणि नाहीही. "जान्हवीला मी जाऊन सांगते," मी म्हटलं. मी गेले, आणि यादीत तेजलचं नाव वर येईपर्यंत तिच्या केबिनमधून हललेच नाही. माझा तापट स्वभाव असा कधीतरी कामाला येतो.

ऑपरेशनच्या दिवशी संघमित्रा स्वतः थिएटरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पॅथॉलॉजिस्ट असं कधी करत नाहीत. मीही तिच्याबरोबर गेले. दारात काशीराम होते, थिएटरचे जुने अटेंडंट. हातात नेहमीची बाटली, काठोकाठ फॉर्मालिन. आतून सिस्टरने ट्रेमध्ये गाठ आणली, चांगली सुपारीएवढी, आणि काशीरामांचा हात आपोआप पुढे झाला, बाटलीचं झाकण उघडलेलंच होतं.

"काशीरामदादा, थांबा!" संघमित्रा इतक्या जोरात ओरडली की आतून जान्हवीने मान वर केली.

"अहो बाई, आजवर सगळं ह्यातच टाकतो आम्ही," काशीराम गोंधळून म्हणाले.

"माहीत आहे. चूक तुमची नाही, आम्हीच तसं सांगत आलोय. आज अर्धीच टाकायची."

जान्हवीने तिथेच, स्वच्छ टेबलावर, गाठीचे दोन भाग केले. एक भाग सलाइनच्या बाटलीत गेला आणि ती बाटली मी स्वतः धावत टीबीच्या लॅबला पोचवली. दुसरा फॉर्मालिनमध्ये, आमच्यासाठी. संघमित्रा भिंतीला टेकून उभी होती. तिला चहा हवाय का विचारलं, तर म्हणाली, "असू दे, गार होईल."

टीबीच्या मशीनचं उत्तर आधी आलं. दुसऱ्या दिवशी सर्वेशने फोन केला तो ओरडतच. "टीबी! मी बोललो होतो ना? टीबीच निघाला!"

संघमित्राने डोळे मिटले. मला तिच्याकडे बघवेना. म्हणजे ते सगळे दिवस, तो ताप, ते यादीसाठी खोळंबणं, सगळं फुकट गेलं असं मला वाटलं.

"पुढे वाच ना," ती फोनवर म्हणाली. "खाली अजून एक ओळ असते."

पलीकडे कागद फडफडला. सर्वेश पुन्हा बोलला तेव्हा तो हळू बोलला. "रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स आहे, मित्रा."

नेहमीच्या चार गोळ्यांतली मुख्य गोळीच या जंतूवर चालत नव्हती. पहिल्या तुकड्यावर एकेटी सुरू केली असती तर तेजलने ती महिनोन्महिने गिळली असती, ताप तसाच राहिला असता, जंतू उरलेल्या गोळ्यांनाही सरावले असते. आणि आम्ही म्हटलं असतं, गोळ्या वेळेवर घेत नसेल पोरगी. ते आम्ही म्हटलंच असतं, मला माहीत आहे.

सर्वेशने तिला त्याच दिवशी टीबीच्या सरकारी केंद्राशी जोडून दिलं. वेगळी औषधं, जड औषधं, रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या मधूनमधून. उरलेल्या कोणत्या गोळ्या चालतील ते वाढवलेल्या जंतूंवरून पुढे कळणार होतं. मला वाटलं, झालं, सुटलो. संघमित्राला तसं वाटलं नाही. "टीबी सापडला म्हणून लिम्फोमा नाही असं होत नाही," ती म्हणाली. "एका गाठीत दोन्ही असू शकतात. मला माझी अर्धी बघू दे."

ती तिची अर्धी बघत राहिली. अख्ख्या गाठीच्या चकत्या, त्यावर खास रंग, मग आणखी खोल. मीही बघितल्या, तिने मुद्दाम माझ्याकडे दिल्या, आपलं मत आधी न सांगता. ग्रॅन्युलोमा भरपूर होते, मधे सडलेला भाग, आणि या वेळी एका कोपऱ्यात दोन लाल, बारीक जंतूसुद्धा. मोठ्या पेशी होत्या, पण रंगांनी दाखवलं की त्या चिडलेल्या, साध्याच पेशी आहेत. लिम्फोमा कुठेच नव्हता.

तिने रिपोर्ट लिहिला. पहिल्या ओळीत टीबी, दुसरीत लिम्फोमा नाही. तिसरी ओळ मी वाचली आणि म्हटलं, "हे कशाला? विचारलंय कुणी?"

तिसरी ओळ होती: 'पहिल्या तुकड्यात ज्या पेशींबद्दल शंका व्यक्त केली होती त्या लिम्फोमाच्या नाहीत, ती शंका आता मागे घेण्यात येत आहे.'

"तिच्या फाइलमध्ये पहिला कागद राहणार ना," संघमित्रा म्हणाली. "उद्या ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, आणि त्याने तोच आधी उघडला तर? ते दार मी उघडं ठेवलं होतं. बंद मीच करायला पाहिजे."

लिफ्टची पाटी मला आठवली, पण मी पुढची स्लाइड लावली. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि ट्रे तर भरलेलाच होता.

त्याच दुपारी विमलबाई खिडकीशी आल्या. या वेळी तेजलही बरोबर होती, मानेवर पट्टी, उंच, हडकुळी, एका जागी उभी न राहणारी. सर्वेश त्यांना घेऊन आला होता. म्हणाला, "मी सगळं सांगितलंय, पण आईंना तुझ्या तोंडून ऐकायचंय. तूच सांग."

संघमित्रा बाहेर गेली. मी आतून बघत होते.

"बाई," विमलबाई म्हणाल्या, "हे डॉक्टर म्हणतात कॅन्सर नाही. पण त्या वेळी तुम्हीच लिहिलं होतं की असू शकतो. तुम्ही सांगा. नक्की?"

संघमित्रा नेहमीसारखी थांबली. ती काय म्हणेल ते मला पाठ होतं. तसं वाटतं. सध्या तरी. जितकं दिसलं त्यावरून. मला आतून ओरडावंसं वाटलं की अगं, आता तरी.

"काढलेल्या गाठीत कॅन्सर नाही," ती म्हणाली. "टीबी आहे, साध्या औषधांना न जुमानणारा. औषध कडक आहे, अर्धवट सोडायचं नाही. ते किती लवकर लागू पडेल, ते मला सांगता येणार नाही." मग तिने तेजलच्या पट्टीकडे बघितलं. "पण कॅन्सर नाही. नक्की."

विमलबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. तेजलने विचारलं, चढाईला परत कधी जाता येईल, आणि संघमित्रा म्हणाली, ते मला माहीत नाही गं, डॉक्टरांना विचार.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. काहीच दिसेना, सगळं पुसट. संघमित्रा आत आली आणि म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, लेन्स खराब झालीये, पुसायला पाहिजे. तिने लेन्स बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पुसायचा कागद माझ्या हातात दिला.